शेजारच्या प्रश्नाचं उत्तर

धडधडीत खोटं बोलणं हा आळशी माणसाचा धंदा आहे. ते लक्षात ठेवावं लागतं, आणि कुणी पुरावा आणलाच तर तोंड लपवावं लागतं. तुम्ही खरंच बोला. फक्त कुठलं खरं बोलायचं, ते निवडून घ्या.

समजा, घर विकायला काढलंय. गिऱ्हाईक छताकडे बघत विचारतं, "पावसात गळतं का हो?" "नाही" म्हणालात की अडकलात. म्हणा, "गेल्याच महिन्यात सगळ्या घराला रंग दिलाय." रंग दिलाय हे खरंच आहे, हवी तर पावती दाखवा. कशावर दिला, हे त्याने कुठे विचारलंय? मग जरा गप्प बसा. "म्हणजे गळत नाही" हे वाक्य तो मनातल्या मनात स्वतःच पुरं करतो. वाक्य त्याचं, तेव्हा पापही त्याचंच.

या विद्येतले आदर्श म्हणजे चित्रपटनिर्माते सॅम्युएल ब्रॉन्स्टन. १९६६ साली कंपनीच्या दिवाळखोरीच्या चौकशीत त्यांना शपथेवर विचारलं, "स्विस बँकेत तुमची खाती आहेत?" "नाही." "कधी होती?" "कंपनीचं होतं, साधारण सहा महिने, झुरिकला." शब्द न् शब्द खरा! त्यांचं स्वतःचं खातं जिनिव्हात जवळजवळ पाच वर्षं होतं, पण ते आधीच बंद झालेलं. खालच्या कोर्टाने खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली एकमताने ती शिक्षा रद्द केली. उत्तर दिशाभूल करणारं असलं तरी खरं होतं, आणि साक्षीदाराला नेमकं पकडणं हे प्रश्न विचारणाऱ्याचं काम, असं ठरलं.

धर्मराजाने निदान "कुंजर" पुटपुटलं तरी. तेवढ्यावर त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला म्हणतात. तुमचा आधीच खाली आहे, काळजी नको.

एकच अडचण. टॉड रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. असं निवडक खरं बोलणाऱ्याला वाटतं, आपण खोटारड्यापेक्षा बरे. फसलेल्याला कळलं की तो मात्र दोघांना एकाच मापाने मोजतो. थेट विचारल्यावर असं उत्तर दिलं असेल, तर राग आणखी. कोर्टात सुटाल, पुढच्या व्यवहाराला तोच माणूस समोर बसला, तर अवघड आहे.

म्हणून एका जातीच्या माणसापासून जपा: प्रश्नातला एक शब्दही न बदलता तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारणाऱ्यापासून. "रंगाचं कळलं. पावसात गळतं का?"

अशा वेळी फोन आल्याचं सोंग करू नका, ते खोटं होईल. पाणी प्यायला उठा. तहान खरोखरच लागलेली असते.