काका, तो फॉरवर्ड अर्धाच खराय

"साठी झाली की वजन उचलू नका, सांधे झिजतात, हाड मोडतं. रोज दहा हजार पावलं चाला, रात्री ग्लासभर दूध प्या, पुष्कळ झालं."

आधी चालण्याचं. चालणं हृदयाला, शुगरला चांगलंच, नेहरू पार्कच्या चकरा बंद करा असं कोणी म्हणत नाहीये. पण सपाट रस्त्यावर चालताना स्नायूंचे सावकाश, न थकता काम करणारे तंतूच जास्त वापरले जातात, आणि वयानुसार आधी बारीक होतात ते दुसरे, झटक्यात जोर लावणारे. खुर्चीतून उठताना, पाय घसरला तर स्वतःला सावरताना तेच लागतात. म्हणून रोज तासभर चालणारा माणूसही सोफ्यातून उठताना हात टेकतो.

आमच्या मावशीचंच बघा ना, वय ६८, चालण्यात माझ्या पुढे. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत गर्दीतून आरामात जाते, पण हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला तिला १९ सेकंद लागले. १५ च्या वर गेलं की पायांत ताकद कमी असं धरतात. मग फिजिओला दाखवून सुरू केलं, आधी खुर्चीवर जाड उशी, म्हणजे उंची वाढली आणि उठणं सोपं झालं, ८ वेळा उठायचं, थोडं थांबायचं, असं तीनदा, आणि हे आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, नाहीतर फुकट. सोपं वाटायला लागलं की उशी काढली, नंतर छातीशी २ किलो कणकेची पिशवी, मग ४ किलो. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही, बीपी चढतं. तीन महिन्यांनी १३ सेकंद. सुरुवातीची ताकदीतली वाढ बहुतेक मज्जातंतूंमुळे असते बरं का, स्नायू नंतर भरतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात मांडी तशीच दिसली म्हणून सोडू नये.

आणि नव्वदीत काय होणार म्हणाल, तर १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी जड वजन उचलायला लावलं होतं, ताकद दुपटीच्याही वर गेली.

आता हाड. दूध म्हणजे विटा-सिमेंट, पण बांधकाम करायचं की नाही हे हाड त्याच्यावर पडणाऱ्या ओझ्यावरून ठरवतं. नुसत्या उठ-बशीनं हाडाची घनता फारशी वाढत नाही हेही खरंय, त्याला खरोखर जड वजन आणि शिकवणारा माणूस लागतो, फरकही सहा-आठ महिन्यांनी, तोही थोडाच. पण पाळी गेल्यानंतर बायकांचं हाड घटतच असतं, तिथे टिकलं तरी कमाई.

फॉरवर्डमधली भीती एका ठिकाणी बरोबर आहे. हाडं आधीच ठिसूळ असतील, मणका दबला असेल किंवा उंची तीन-चार सेंटीमीटर कमी झाली असेल, तर पाठ गोल करून, वाकून पिळवटून काही उचलायचं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. गुडघ्याची झीज असेल तरी व्यायाम सांगतातच, करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं किंवा सूज आली तर वजन कमी करायचं.

काका, आज पोहे-जलेबी झाली की घड्याळ लावून पाच वेळा उठून बघा आणि आकडा इथेच टाका, काकूंचाही.