चौकटीचं लाकूड: 20 फुटांचं गणित कुठे चुकतं

«घराच्या चौकटींना लाकूड किती लागेल ते वखारवाल्याला विचारू नका, स्वतः काढा. दार 7 बाय 3, म्हणजे चारी बाजू मिळून 20 फूट. लाकूड 5 बाय 3. 20 × 5 × 3 ÷ 144 = 2.08 घनफूट, बस्स. 4 बाय 4 ची खिडकी 16 फूट, म्हणजे 1.67 घनफूट. याहून जास्त सांगणारा फसवतोय. आणि झाड घरचं असेल तर तेवढ्याच घनफुटाचा ओंडका पुरतो.»

हा निरोप गेल्या काही महिन्यांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या घर बांधणाऱ्या बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असावा. माझ्याकडे अंदाजपत्रक करून घ्यायला येणारे तो दाखवतात आणि वखारवाल्याशी भांडायच्या तयारीने बसतात. त्यातलं सूत्र बरोबर आहे, हे आधी सांगतो. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकाराला 144 ने भागायचं, कारण एका चौरस फुटात 144 चौरस इंच असतात. खोट आहे ती त्या सूत्रात घातलेल्या आकड्यांत.

पहिली गोष्ट चार बाजूंची. आतल्या खोल्यांच्या दारांना हल्ली उंबरठा ठेवत नाहीत, लादी सलग जाते. म्हणजे दोन उभे आणि वरचा एक आडवा, एवढंच. उंबरठा आपल्याकडे मुख्य दाराला असतो, आणि काही घरांत देवघराला. तेव्हा आतल्या दाराचं लाकूड या निरोपात चक्क जास्त धरलं गेलंय.

खिडकीचं मात्र उलटं आहे, आणि खरा फटका तिथेच बसतो. 4 फूट रुंदीच्या खिडकीला एकच पल्ला कुणी लावत नाही, तो आपल्याच वजनाने ओळंबतो. तीन पल्ले घेतले तर त्यांच्या मध्ये दोन उभे लागतात. चौकटीच्या परिमितीत हे मधले उभे येतच नाहीत. ते बारीक घेऊन भागेल असंही नाही, कारण मधल्या उभ्याला दोन्ही बाजूंनी पल्ल्याची खाच मारावी लागते. दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच गेला की 3 इंचांतले मध्ये 2 इंच उरतात, आणि त्यावर बिजागऱ्यांचे स्क्रू धरायचे असतात. वेंगुर्ल्याकडच्या एका घरी सुतारमामांनी यादी हातात घेतल्या घेतल्या मालकांना विचारलं होतं, “भाऊ, मधले उभे खंय आसत?” सहा खिडक्यांचे बारा उभे यादीत नव्हते.

खाच मारताना लाकूड निघून जातं, तेवढं घनफुटातून वजा करावं का, असंही विचारतात. नाही. खाच विकत घेतलेल्या लाकडातून कापायची असते. तो भुसा होतो, पण त्याचे पैसे दिलेले असतात.

आता लांबी. 7 बाय 3 हे चौकटीचं बाहेरून बाहेर माप धरू. आतल्या दाराचा उभा लादीखाली साधारण 2 इंच जातो, म्हणजे 7 फूट 2 इंच. त्याच्या वरच्या टोकाला कुसू काढून तो आडव्याच्या भोकात बसवतात, म्हणून उभ्याची लांबी आडव्याच्या वरच्या कडेपर्यंत पूर्ण धरावी लागते. कोपरा दोनदा मोजला गेला म्हणून 3 इंच वजा करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या उभ्यांना कुसूच निघत नाही.

आडवा 3 फुटांचा नसतो. चिऱ्याच्या भिंतीत चौकट बांधकामासोबत उभी करतात तेव्हा आडव्याची दोन्ही टोकं 4-4 इंच बाहेर ठेवून चिऱ्यांत अडकवतात, म्हणजे तो 3 फूट 8 इंच झाला. लोखंडी होल्डफास्टवर चौकट बसवणार असाल तर ही टोकं लागत नाहीत. ते सुताराला आधी विचारून घ्या, कारण त्याने प्रत्येक आडव्याचे 8 इंच कमी-जास्त होतात.

वखारीत लाकूड सहसा अर्ध्या फुटाच्या टप्प्याने मिळतं, आणि दोन्ही टोकं कापून काटकोनात करायलाही थोडं जातं. तेव्हा उभ्याला साडेसात फूट आणि आडव्याला 4 फूट मागायचे. आतलं दार: साडेसात, साडेसात आणि 4, मिळून 19 फूट. 19 × 15 ÷ 144 म्हणजे 1.98 घनफूट. निरोपातल्या 2.08 च्या हा आकडा जवळ आलाय खरा, पण तो योगायोग आहे. नसलेला उंबरठा मोजला आणि असलेली लांबी सोडली, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. मुख्य दाराला उंबरठ्याचे 4 फूट वाढले की 23 फूट होतात, म्हणजे 2.40 घनफूट, आणि झाकण उघडं पडतं.

खिडकीचे आडवे 4 फूट 8 इंच, म्हणजे 5 फुटांचे दोन. उभे चार, त्यांच्यासाठी साडेआठ फुटी लांबी घेऊन मधोमध कापली की सव्वाचार फुटांचे दोन निघतात आणि टोकं साफ करायला जागा राहते. एकूण 10 आणि 17, म्हणजे 27 फूट. 27 × 15 ÷ 144 = 2.81 घनफूट. निरोपात 1.67 आहे. चारऐवजी सव्वाचार धरणं तुम्हाला कंजूषपणाच्या नजरेने जास्त वाटेल, पण नेमक्या 8 फुटी लाकडातून करवतीची जाडी जाऊन 4 फुटांचे दोन उभे निघत नाहीत, एक नक्की तोकडा पडतो.

5 बाय 3 हे माप कधीचं, हा पुढचा प्रश्न निरोपात कुठेच नाही. वखारीतलं 5 बाय 3 हे करवतीखालून आलेलं, खरबरीत. रंधा मारताना प्रत्येक बाजूचं एक सूत जातं, दोन बाजू मिळून दोन सूत, म्हणजे पाव इंच. तयार चौकट पावणेपाच बाय पावणेतीन भरते. बहुतेक घरांना ती पुरते आणि त्यात फसवणूक काही नाही. पण तयार चौकट बरोबर 5 बाय 3 हवी असेल, समजा जुन्या चौकटींशी जुळवायची असेल, तर सॉ मिलवर सव्वापाच बाय सव्वातीन चिरून घ्यावं लागतं. त्याचा छेद 15 ऐवजी 17.06 चौरस इंच होतो. नुसत्या दोन-दोन सुतांनी घनफूट जवळजवळ 14 टक्क्यांनी वाढतात, आणि हे पटायला लोकांना वेळ लागतो. त्या मापाने आतलं दार 2.25, मुख्य दार 2.73 आणि खिडकी 3.20 घनफूट.

ओल्या फणसाचं किंवा किंजळाचं ताजं चिरीव घेतलंत तर आणखी एक सूत हातचं ठेवा. 5 इंच रुंदीचं लाकूड वाळताना अडीच टक्के आकसलं तरी सूतभर कमी होतं. पावसाळ्यापूर्वी घेऊन पडवीत पट्ट्या घालून रचून ठेवलं तर हे आकसणं चौकट होण्याआधीच उरकतं.

मुख्य दार एक, आतली दारं चार, खिडक्या सहा, असं घर धरू. निरोपाच्या हिशेबाने सगळं मिळून साधारण 20.4 घनफूट होतं. माझ्या हिशेबाने लांबी 23, 76 आणि 162, एकूण 261 फूट. वखारीतलं तयार 5 बाय 3 घेतलं तर 27.2 घनफूट, सव्वापाच बाय सव्वातीन चिरून घेतलं तर 30.9. निरोपावर विसंबलात तर काम अर्ध्यावर थांबतं आणि सात घनफूट नव्याने आणावं लागतं. ते दुसऱ्या झाडाचं असतं, बरेचदा ओलं असतं, आणि पहिल्या लाकडासोबत एकाच खिडकीत बसतं. पहिल्याच चतुर्थीपर्यंत कोणता उभा नंतर आला ते पल्ला अडकून सांगतो.

27 सांगणारा वखारवाला म्हणून चोर ठरत नाही. फसवणूक होते, पण ती निराळ्या ठिकाणी होते. 5 बाय 3 चं बिल आणि करवतीचंच माप पावणेपाच बाय पावणेतीन, असं लाकूड गाडीत चढतं. त्याचा छेद 13.06 चौरस इंच, म्हणजे शंभरातले तेरा घनफूट तुम्हाला मिळालेच नाहीत. मग रंधा मारल्यावर चौकट साडेचार बाय अडीच होते आणि बिजागरीखाली लाकूड तोकडं पडतं. गाडी भरण्यापूर्वी टेप घेऊन दोन्ही टोकांना आणि मध्ये मापा, आणि बिलात प्रत्येक लांबीचे नग वेगळे लिहून मागा. नुसता एकूण घनफुटाचा आकडा असेल तर तपासायला काही हाती राहत नाही.

ओंडक्याबद्दलचं वाक्य या निरोपात सर्वांत महाग पडणारं आहे. गोल लाकूड आणि चिरीव लाकूड यांचे घनफूट एकाच मापाचे नसतात. ओंडक्याच्या मधोमध दोरी लावून घेर घेतात, त्याचा चौथा भाग स्वतःशी गुणतात, मग लांबीने गुणून 144 ने भागतात. घेर 48 इंच, लांबी साडेआठ फूट असेल तर 12 × 12 × 8.5 ÷ 144 = 8.5 घनफूट. भूमितीने त्याच ओंडक्याचं आकारमान 10.8 भरतं. चौथाईच्या मापात सुमारे एकवीस टक्के आधीच सोडलेले असतात, म्हणून लोकांना वाटतं की उरलेलं सगळं चिरून मिळेल.

मिळत नाही. 48 इंच घेराचा व्यास सव्वापंधरा इंच. फणसाची साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड मिळून दोन्हीकडून दीड-दीड इंच गेलं असं धरा. ते पांढरं चौकटीला चालत नाही, भुंगा पहिला त्यातच शिरतो. पिवळा गर उरला सव्वाबारा इंच व्यासाचा. या वर्तुळात सव्वापाच बाय सव्वातीनचे तुकडे करवतीची जाडी सोडून कागदावर मांडून बघा: मधल्या ओळीत दोन, वर एक, खाली एक. चारच बसतात. चार नगांचे घनफूट 4.03, साडेआठच्या निम्म्याहून कमी. बाजूच्या फळ्या निघतात, त्या पल्ल्यांना थोड्याफार उपयोगी पडतात, चौकटीला नाही.

वरच्या घराला असे किमान आठ ओंडके लागतील, म्हणजे गोल मापाने 68 घनफूट. परसातला फणस उतरवण्याआधी परवानगी तर काढावीच लागते, पण त्याच्याही आधी घेर बुंध्याला न घेता जिथून ओंडका संपणार त्या बारीक टोकाला अंदाजा. तिथे गर सव्वाबाराऐवजी साडेदहा इंच असेल तर मधल्या ओळीतले दोन तुकडे शेजारी शेजारी मावतच नाहीत, आणि चाराऐवजी एका ओंडक्याचे दोनच नग हाती येतात.