तीन टिंबांत हरवलेलं ‘नाहीत’

“युजर वाचत नाही. म्हणून बटणावर एकच शब्द, एररला जास्तीत जास्त तीन, आणि उरलेलं सगळं टूलटिपमध्ये. मराठीतही हाच नियम लावा. शब्द बसत नसेल तर कापा.”

ॲपच्या स्क्रीनवरचा मजकूर लिहिणाऱ्याला हा सल्ला सर्रास मिळतो. त्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. 1997 साली वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी वेबवरच्या वाचनाबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांच्या चाचणीतले 79 टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. पण तो आकडा माहितीच्या पानांचा होता. पैसे पाठवताना स्क्रीन लाल झाली की तोच माणूस अक्षर न् अक्षर वाचतो, शेजारच्यालाही वाचायला लावतो. जे तो खरंच वाचत नाही ते म्हणजे ‘कृपया’, ‘आपला’, ‘तांत्रिक अडचणीमुळे’, ‘यशस्वीरीत्या करण्यात आले आहे’. ते बिनधास्त काढा, माझी काही तक्रार नाही.

बटणावरच्या एका शब्दाचं बघू. वीजबिलाच्या एका ॲपमध्ये रकान्यावर ‘रक्कम भरा’ आणि खालच्या बटणावर नुसतं ‘भरा’ असं होतं. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी रकान्यात 1240 टाकले, फोन पर्समध्ये ठेवला आणि “भरलं गं बाई बिल” म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. मराठीत फॉर्मही भरतात आणि पैसेही भरतात, आणि स्क्रीनने त्यांना रक्कम भरायला सांगितली, ती त्यांनी भरली. इंग्रजीत या जागी दोन वेगळी क्रियापदं असतात, म्हणून मूळ डिझाइन करणाऱ्याला हा घोटाळा कधी दिसतच नाही. रकान्यावर ‘किती रुपये?’ आणि बटणावर ‘₹1,240 भरा’ लिहिलं की काम होतं. बटण थोडं लांबलं खरं, पण रकान्यावरचं ‘भरा’ गेलं आणि बटण दाबल्यावर नेमके किती पैसे जाणार तेही कळलं.

दुसरा नमुना तिकिटाच्या ॲपमधला. खिडकी उघडते: ‘तिकीट रद्द करायचं?’ खाली दोन बटणं: ‘रद्द’ आणि ‘रद्द करा’. यातलं एक तिकीट रद्द करतं, दुसरं ती खिडकी बंद करतं. कुठलं काय करतं हे मी स्वतः दोनदा चुकलोय, आणि मी पोटापाण्यासाठी हीच वाक्यं लिहितो. ‘तिकीट रद्द करा’ आणि ‘तिकीट ठेवा’ असं लिहिलं तर वरचा प्रश्न न वाचताही भागतं. युजर वाचत नाही असं ज्याला वाटतं, त्याने तर बटणावर ‘तिकीट’ हे नामही लिहायलाच हवं, कारण न वाचणाऱ्याची नजर शेवटी बटणावरच पडते.

आता ‘बसत नसेल तर कापा’. या मुद्द्याला जास्त जागा देतो, कारण मराठीत सगळ्यात महाग चूक इथे होते. अँड्रॉइडच्या लेआउटमध्ये या दोन ओळी सर्रास सापडतात:

```xml
android:maxLines="1"
android:ellipsize="end"
```

म्हणजे मजकूर एका ओळीत ठेव, उरेल तो शेवटून काप आणि तीन टिंबं लाव. इंग्रजीत शेवट गेला तरी क्रियापद आणि नकार बहुधा आधीच येऊन गेलेले असतात. आपल्याकडे दोन्ही शेपटाला बसतात. ‘तुमच्या खात्यातून पैसे कापले गेलेले नाहीत’ हे वाक्य छोट्या फोनवर, अक्षरं मोठी केलेली असताना, ‘तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले…’ असं दिसतं. तीन टिंबांनी अर्थ बरोबर उलटा केला. आणि अक्षरं मोठी करून वाचणारे बहुतेक वेळा वयस्कर, म्हणजे ज्यांना हा निरोप सगळ्यात नीट कळायला हवा तेच.

मग लहान कसं करायचं? एक उदाहरण पुरतं बघू. मूळ मजकूर: ‘तांत्रिक अडचणीमुळे आपला व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही. कृपया काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ तीन शब्दांच्या नियमाने याचं ‘व्यवहार अयशस्वी’ होतं. लहान झालं, पण पहिल्यांदा यूपीआय वापरणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी एकच प्रश्न असतो, माझे पैसे गेले का, आणि त्याला दोन्ही मजकूर उत्तर देत नाहीत. मी लिहितो: ‘₹500 खात्यातच आहेत. पाठवता आले नाहीत.’ बटण: ‘पुन्हा पाठवा’. नकार मागे गेला, मुख्य गोष्ट होकारार्थी होऊन पुढे आली. पहिलं वाक्य अर्ध्यात तुटलं तरी ‘₹500 खात्यातच…’ उरतं, आणि तेवढ्यानेही जीव भांड्यात पडतो.

पण हे वाक्य सगळीकडे चिकटवू नका. सर्व्हरकडून Z9 हा यूपीआयचा एरर कोड आला तर शिल्लक अपुरी आहे. तिथे ‘₹500 खात्यातच आहेत’ हे धडधडीत खोटं, ‘शिल्लक कमी पडली’ असंच लिहायला हवं. ZM म्हणजे पिन चुकला, तिथे ‘पिन चुकला’ पुरतं आणि बटणावर ‘पिन पुन्हा टाका’. हे कोड स्क्रीनवर दाखवू नका, पण लिहिणाऱ्याकडे त्यांची यादी असलीच पाहिजे.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे बँकेकडून वेळेत उत्तरच न येणं. तेव्हा पैसे खात्यात आहेत की नाहीत हे ॲपलाही ठाऊक नसतं, आणि ‘अयशस्वी’ वाचून माणूस दुसऱ्यांदा पाठवतो. इथे मी तीन वाक्यं घेतो: ‘₹500 पोचले का, बँकेने अजून कळवलेलं नाही. थांबा, लगेच पुन्हा पाठवू नका. पोचले नाहीत तर उद्यापर्यंत खात्यात परत येतील.’ शेवटचं वाक्य मनचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019च्या परिपत्रकानुसार यूपीआयने माणसाला पाठवलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे, म्हणून तिथे ‘उद्यापर्यंत’ लिहिलं तर तेही चूकच.

राहिली टूलटिप, म्हणजे बाण बटणावर नेला की उघडणारी माहितीची छोटी चौकट. ती माउसच्या जगातली वस्तू. फोनवर बोट काही बटणावर घिरट्या घालत नाही. अँड्रॉइड 8पासून tooltipText आहे, पण ते बटण दाबून धरल्यावर उघडतं, आणि नवखा माणूस पैशाचं बटण दाबून धरून बघेल हे संभवतच नाही. कॉम्प्युटरवरसुद्धा निष्क्रिय केलेल्या बटणाची टूलटिप बरेचदा उघडत नाही, म्हणजे ‘हे बटण का चालत नाही?’ याचं उत्तर नेमकं हवं तेव्हाच गायब. रोज वापरणाऱ्याला कीबोर्डचा शॉर्टकट सांगायला टूलटिप ठीक आहे.

ज्याच्यावाचून काम अडतं ते रकान्याखाली उघड लिहा. आयएफएससीच्या रकान्याजवळ प्रश्नचिन्ह आणि त्यामागे चार ओळींची व्याख्या मी पाहिली आहे. व्याख्या कुणाला हवी असते? ‘11 अक्षरं, पासबुकवर असतात. पाचवं अक्षर शून्य.’ एवढं पुरतं. ते शेवटचं वाक्य कुणी फालतू म्हणून काढायला निघालं तर हात धरा. तिथे शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकून अडकलेली माणसं मी समोर बसून पाहिली आहेत, आणि त्यांना दिसत होतं फक्त ‘अवैध कोड’.