खुलासा: कॅशलेसच्या फॉर्मचं भाषांतर

“प्री-ऑथ म्हणजे आगाऊ मंजुरीचा फॉर्म आणि बिल आजाराच्या कोडसकट मराठीत करून दिलं की कॅशलेस लवकर मंजूर होतं.”

असं होत नाही. विमा कंपनी निर्णय घेते तो हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कने पाठवलेल्या मूळ फॉर्मवर. भाषांतर घरच्यांसाठी असतं, सही करण्याआधी समजून घ्यायला. ते वेगळ्या कागदावरच करा.

कोड मात्र जसाच्या तसा उतरवा. जांघेतल्या हर्नियाचंच बघा: K40.9 म्हणजे एका बाजूचा, आतडं न अडकलेला, K40.3 म्हणजे आतडं अडकलेला, तातडीचा. दोन्हींना नुसतं ‘हर्निया’ लिहिलं तर हा फरकच पुसला जातो. शिवाय या कोडमधून उजवा की डावा ते कळत नाही, ते डॉक्टरांच्या निदानातूनच घ्यावं लागतं. सोनोग्राफीत उजवा आणि फॉर्ममध्ये डावा असेल, तर कंपनी शंका काढून फॉर्म परत पाठवते. तेव्हा दुरुस्ती मूळ फॉर्ममध्येच डॉक्टरांकडून करून घ्या.

बिलात ‘कन्झ्युमेबल्स’चं भाषांतर ‘औषधं’ असं सर्रास करतात. ते चूक आहे. त्यात हातमोजे, मास्क अशा वस्तू येतात, आणि बऱ्याच पॉलिसींत त्यांचे पैसे रुग्णालाच भरावे लागतात. ‘वापरून टाकायच्या वस्तू’ लिहा. डिस्चार्जच्या वेळी रक्कम का कापली ते तिथेच कळेल.