दोन परवानग्या आणि एक स्कूटर

माझी स्कूटर रोज सकाळी रस्त्याला लागते ती दोन परवानग्या घेऊन. पहिली मधल्या काकूंची, दुसरी मोठ्या काकांची.

रामबागेतला आमचा वाडा आजोबांनी बांधला तेव्हा एकच होता. पुढं चार भावंडांत वाटण्या झाल्या, आणि बाबांच्या वाट्याला सगळ्यात मागचा भाग आला. हवा छान, उजेड छान, फक्त रस्ता नाही. आमच्या दारातून निघालं की मधल्या काकूंचा चौक लागतो, चौक ओलांडला की मोठ्या काकांची ओसरी, आणि ओसरीच्या पुढं दिंडीदरवाजा. चौकात सकाळी आठला रांगोळी असते, उन्हाळ्यात पापड असतात, आणि उरलेले सगळे महिने काकू असतात. "अरे, चाक सांभाळून! कालच सारवलंय," एवढं ऐकून झालं की मी ओसरीवर पोचतो. तिथं काका पेपर वाचत आडवे बसलेले. ते पाय उचलतात, पण पान संपल्यावर.

गेल्या आठवड्यात आठवीतल्या मनूनं वही पुढं केली. "बाबा, दुहेरी भूवेष्टित देश शोधा आणि सगळे शेजारी तपासून सिद्ध करा, असं दिलंय. मी लेसोथो लिहिलंय. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकाच आहे, म्हणजे किती अडकलाय बघा!"

मी रात्रीचं जेवण उरकून बसलो होतो. पाच मिनिटांचं काम वाटलं. झोपायला साडेबारा झाले.

भूवेष्टित म्हणजे ज्या देशाला समुद्रकिनारा नाही तो, इथवर ठीक. दुहेरी म्हणजे ज्याला किनारा नाहीच, पण ज्याच्या एकाही शेजाऱ्याला किनारा नाही. म्हणजे समुद्रावर जायचं तर निदान दोन देश तुडवावे लागतात. लेसोथोला शेजारी एकच, पण तो एकच दक्षिण आफ्रिका, दोन्हीकडं महासागर घेऊन बसलेला. एक ओसरी ओलांडली की रस्ता! व्हॅटिकनचं तेच. अंगणाएवढा देश, पण त्याला वेढून इटली आहे, आणि इटलीला किनारा काही कमी नाही. किती घट्ट वेढलंय याला इथं काही किंमत नाही, वेढणाऱ्याला दार आहे का एवढंच बघायचं.

"म्हणजे आपण दुहेरी आहोत," मनू म्हणाली. "काकूंना रस्ता नाही, आपल्यालाही नाही."

मुलगी हुशार आहे. पण सिद्ध करायचं राहिलं होतं, आणि तिच्या बाईंनी 'सगळे शेजारी' याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा उगीच नव्हत्या. एखादा देश दुहेरी नाही हे सांगायला किनारा असलेला एक शेजारी सापडला की पुरे, तिथंच वही मिटावी. पण दुहेरी आहे असं म्हणायचं तर शेवटच्या शेजाऱ्यापर्यंत जावं लागतं. एक जरी सुटला तरी उत्तर हवेत.

मी माळ्यावरून माझा शाळेतला नकाशासंग्रह काढला. त्यात उझबेकिस्तान नावाचा देशच नव्हता. एक मोठा गुलाबी सोव्हिएत संघ होता आणि इथिओपियाला लाल समुद्राचा ऐसपैस किनारा होता. उझबेकिस्तान वेगळा झाला 1991 साली, आणि 1993 मध्ये इरिट्रिया वेगळा झाला तेव्हा इथिओपियाचा किनारा गेला. जुन्या नकाशावर शेजारी तपासणं म्हणजे जुन्या सातबाऱ्यावर घर विकत घेणं. मनूनं तिचा नवा नकाशा आणला आणि माझा उचलून डब्याखाली ठेवला, ओट्याला डाग पडू नये म्हणून.

आता उझबेकिस्तान. शेजारी पाच: कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान. मी पाचही नावं एकाखाली एक लिहायला लावली, कारण नकाशावर बोट फिरवताना अफगाणिस्तान हमखास निसटतो. दक्षिणेला अमुदर्या नदीवर तेवढीच एक छोटी हद्द आहे.

किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान डोंगरातले, तिथं वाद नाही. अफगाणिस्तानाशी मनू अडली. "याच्या खाली पाकिस्तान आहे ना, त्याला कराची आहे." अगं, कराची पाकिस्तानची. आपण अफगाणिस्तानाला विचारतोय, तुझ्याकडं आहे का? नाही. मग पुढं. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला दार आहे म्हणजे शेजाऱ्याला आहे असं नव्हे. काकांना दिंडीदरवाजा आहे म्हणून काकूंना आहे असं काकूंसमोर म्हणून दाखव. (तिनं नाही म्हटलं.) तुर्कमेनिस्तानाचंही असंच, खाली इराण आहे आणि इराणचं बंदर अब्बास आहे, पण ते इराणचं.

"बाबा, पण हा बघा समुद्र!" तिचं बोट कॅस्पियनवर होतं. कझाकस्तान आणि तुर्कमेनिस्तान, दोघांनाही तिथं लांबच लांब किनारा. नकाशात निळा रंग, नावात समुद्र, काठावर बंदरं, त्यात जहाजं. म्हणजे दोन शेजारी एका फटक्यात बाद?

हीच खरी मेख. कॅस्पियन चारी बाजूंनी जमिनीनं बांधलेला आहे, त्याचं पाणी कुठल्याच महासागराला आपसूक मिळत नाही. त्याला समुद्र म्हणतात, पण हिशेबात तो तळं. अरलचा एक भाग तर उझबेकिस्तानाच्या स्वतःच्या हद्दीत होता, तोही तसाच, आणि आता बराचसा आटलाय. कॅस्पियनला समुद्र धरलं तर उझबेकिस्तान एकेरी ठरतो आणि सगळा डावच बदलतो. म्हणून आधी ठरवायचं की महासागराला जोडलेला किनाराच मोजणार, आणि मग नावाला भुलायचं नाही.

तरी मनू ऐकेना. जहाजं बाहेर पडतात की, तिनं वाचलं होतं. पडतात. रशियाचा व्होल्गा-डॉन कालवा आहे, 1952 मध्ये सुरू झालेला. कॅस्पियनमधून व्होल्गेत, कालव्यानं डॉन नदीत, तिथून अझोव समुद्रात आणि मग काळ्या समुद्रात. पण कालवा रशियाच्या हद्दीत, कुलुपं रशियाची.

हे सांगताना मला आमचा मागचा बोळ आठवला. आमच्या मोरीच्या भिंतीला लागून एक बोळ आहे. वाटणीपत्रात त्याचं नाव 'गल्ली' असं लिहिलंय. एका टोकाला भिंत आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या बंगल्याचं फाटक, त्याला कुलूप. बाबा आयुष्यभर सांगायचे, "आपल्याला मागं गल्ली आहे." तो आमचा कॅस्पियन.

मग लिक्टेनश्टाइन. जगात दुहेरी देश दोनच, उझबेकिस्तान आणि हा. शेजारीही दोनच, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया, दोघांनाही किनारा नाही, काम दोन ओळींचं. पण याची गंमत वेगळी. पहिल्या महायुद्धापर्यंत शेजारी ऑस्ट्रिया-हंगेरी होता आणि त्याच्याकडं ट्रिएस्टचं बंदर होतं, तेव्हा लिक्टेनश्टाइन एकेरी. 1918 नंतर ते साम्राज्य मोडलं, किनारा गेला, हा दुहेरी झाला. 1938 मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला, जर्मनीला किनारा आहे, हा पुन्हा एकेरी. 1945 नंतर परत दुहेरी. एवढं सगळं झालं तरी लिक्टेनश्टाइन जागचा इंचभर हलला नाही. उतारे शेजाऱ्याचे बदलत होते.

"तिहेरी कोणी नाही?" नाही. त्याला सगळेच्या सगळे शेजारी दुहेरी लागतील, आणि दुहेरी मुळात दोन, तेही एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब. पण नुसती आपली राज्यं घेऊन खेळ, म्हटलं. मध्य प्रदेश एकेरी, गुजरात आणि महाराष्ट्र शेजारी आहेत. उत्तर प्रदेशाच्या एकाही शेजारी राज्याला समुद्र नाही, तो दुहेरी. हरियाणाही दुहेरी. आणि दिल्लीला शेजारी हे दोघंच, म्हणजे दिल्ली तिहेरी! मनूनं लगेच दिल्लीच्या मामाला मेसेज केला. रात्री अकराला. मामानं फक्त अंगठा पाठवला.

वही पूर्ण झाली, पण आमचं घर राहिलं होतं. मनूनं वहीच्या मागच्या पानावर आमचे शेजारी लिहिले: मधल्या काकू, मागचा बोळ, डावीकडं आत्या. काकूंना रस्ता नाही. बोळ हे तळं. आत्याला रस्ता नाही.

"आत्याला नाही कशावरून?"

"नाहीच आहे. ती पण काकांच्या ओसरीवरूनच जाते."

"तपासलंय?"

मोठ्या तोऱ्यात विचारलं, पण चाळीस वर्षांत मीही तपासलं नव्हतं. काँगोची गोष्ट तिला नुकतीच सांगितली होती. किन्शासावाला मोठा काँगो, नकाशावर अफाट, बघणाऱ्याला वाटतं आत कोंडलेला आहे. पण पश्चिमेला एक चिंचोळी मान काढून तो अटलांटिकला टेकतो. तेवढ्या चिमट्यामुळं त्याच्या शेजाऱ्यांतला एकही दुहेरी होऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याकडं गेलो. माजघरात सागवानी अलमारी, तिच्यामागं रजयांचा ढीग, आणि ढिगामागं दार. आडव्या रस्त्यावर उघडणारं. "अरे, हे होय? तुझ्या आजोबांच्या वेळी सरपण यायचं इथून," आत्या म्हणाली. चाळीस वर्षं काकूंचे पापड चुकवत होतो, आणि रस्ता इथं रजयांमागं होता. आम्ही एकेरी निघालो. मनू हिरमुसली.

मी टेप लावला. दार पंचवीस इंच, स्कूटरचं हँडल सत्तावीस. स्कूटर जाणार नाही, माणूस जाईल. तरी मी रीतसर बोलणी सुरू केली. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत ये-जा करायचा हक्क दिलाय, मात्र अटी वाटेतल्या देशाशी बसून ठरवायच्या. आत्याच्या अटी दोन. रविवारी पोहे-जलेबी, आणि दुपारी दोन ते चार ये-जा बंद. मान्य केलं.

एक गोष्ट विसरलो. वाड्यात बातमीला दार लागत नाही. सोमवारी सकाळी सात वाजता मधल्या काकू पिशवी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात उभ्या. आडव्या रस्त्यावर भाजीची गाडी लागते, ती त्यांना ओसरीवरून गेलं तर लांब पडते. "तुमच्यातून आत्यांकडं, आणि तिथून बाहेर. दोन मिनिटांचं काम," असं म्हणत त्या गॅसवरचं दूध ओलांडून गेल्या. परत येताना बायकोला म्हणाल्या, "ही बादली जरा आत घे गं. रोज यायचंय मला."