निम्म्या मुली ‘आल्या’, ‘आली’ नव्हे

“अहवाल लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : अपूर्णांक, टक्केवारी आणि रक्कम ही एकच राशी असते, म्हणून क्रियापद नेहमी एकवचनी हवे. ‘निम्मे विद्यार्थी गैरहजर आहे’, ‘६२ टक्के मुली उत्तीर्ण झाली’, ‘पाच लाख रुपये खर्च झाला’ हीच शुद्ध रूपे.”

माझी भाची शाळेत शिकवते आणि वार्षिक अहवालाचे काम तिच्याकडे असते. हा संदेश वाचून तिने स्वतःची बरोबर असलेली वाक्ये बदलली आणि मसुदा मला पाठवला. त्यात ‘निम्म्या मुली सहलीला आली’ असे वाक्य आहे. जी जन्मभर मराठी बोलली, तिला स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवायला लावणारा हा नियम आला कुठून, याचा मला खरोखर राग आहे.

पहिले उदाहरण तर स्वतःच स्वतःला खोडते. ‘निम्मा’ हे विशेषण पुढच्या नामाप्रमाणे बदलते : निम्मा वर्ग, निम्मी जमीन, निम्मे विद्यार्थी, निम्म्या मुली. संदेश लिहिणाऱ्याने ‘निम्मे’ असे अनेकवचन लिहून अर्धा नियम पाळलाच आहे; क्रियापदापाशी येऊन मात्र त्याने तो सोडून दिला. एकवचन हवेच असेल, तर ‘निम्मा वर्ग गैरहजर आहे’ असे लिहावे. मुले तितकीच गैरहजर, पण आता कर्ता ‘वर्ग’ आहे, म्हणून ‘आहे’. राशी एक की अनेक याच्याशी क्रियापदाचा संबंध नाही, तो नामाशी आहे.

टक्केवारीतही हेच घडते. ‘६२ टक्के जमीन ओलिताखाली आली’, ‘६२ टक्के पाणी वाया गेले’, ‘६२ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या’ : आकडा तोच राहिला आणि क्रियापद तीन वेळा बदलले. ‘एक टक्का विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले आहेत’ या वाक्यात तर ‘टक्का’ एकवचनी असूनही क्रियापद अनेकवचनी आहे. नाम गाळले, तरी ते मनात असतेच, म्हणून ‘मुलींपैकी ६२ टक्के उत्तीर्ण झाल्या’ असेच आपण म्हणतो. ‘मतदानाचा टक्का वाढला’ यात मात्र ‘टक्का’ हाच कर्ता आहे.

गोंधळ कुठे होतो, तेही सांगतो. ‘झाले’, ‘गेले’, ‘मिळाले’ ही रूपे पुल्लिंगी अनेकवचनाची आहेत आणि नपुंसकलिंगी एकवचनाचीही. शंका आली की पुढे ‘आहे’ किंवा ‘आहेत’ जोडून पाहावे : ‘साठ टक्के काम झाले आहे’, पण ‘साठ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले आहेत’. दडलेले वचन लगेच उघडे पडते.

या दाव्यात थोडे तथ्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो. अहवालात ‘निम्म्या विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले आहे’ अशी वाक्ये असतात आणि तिथे क्रियापद खरोखरच एकवचनी असते. पण ते ‘निम्म्या’मुळे नव्हे. हा भावे प्रयोग आहे. ‘सर्व विद्यार्थ्यांना’ लिहिले, तरी ‘आहे’च राहते. ‘निम्म्या विद्यार्थ्यांनी अर्ज भरले’ यात क्रियापद कर्माप्रमाणे, म्हणजे अर्जांप्रमाणे चालते. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात प्रयोगांची सविस्तर चर्चा आहे. कर्तरी, कर्मणी आणि भावे यांतला फरक कळला, की या संदेशाचा पायाच उरत नाही. दुसरी सवलत ‘दीड’ला : ‘दीड तास लागला’, पण ‘अडीच तास लागले’. म्हणूनच गणपती दीड दिवसाचा आणि पाच दिवसांचा. ही सोय दोनच्या आतली आहे, सगळ्या अपूर्णांकांची नव्हे. दोनच्या आत असूनही ‘पावणेदोन’ला तर ‘तास लागले’ असेच म्हणतात.

रकमेबद्दल थोडक्यात. ‘पाच लाख रुपये खर्च झाले’ यात कर्ता रुपये आहेत; ‘पाच लाख रुपये खर्च आला’ यात खर्च; ‘पाच लाख रुपयांची रक्कम देण्यात आली’ यात रक्कम. तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत, संदेशातले ‘रुपये खर्च झाला’ मात्र नाही.

हा नियम बहुधा इंग्रजीतून अर्धवट ऐकून उचलला असावा. तिथे ‘टेन थाउजंड रुपीज इज अ लार्ज अमाउंट’ असे म्हणतात, हे खरे. पण इंग्रजीतही ‘हाफ ऑफ द स्टुडंट्स आर’ असेच लिहितात, कारण तिथेही ‘ऑफ’नंतरचे नाम पाहिले जाते.

भाचीला मी तिचा जुना मसुदाच परत पाठवला आहे. त्यात एकच दुरुस्ती केली : ‘एक तृतीयांश भाग पालक सभेला आले’ याऐवजी ‘एक तृतीयांश पालक सभेला आले’.