घारापुरीला मुलांना नेताय? मग लेणी कमी बघा

नाताळच्या सुट्टीत मी माझी सहा वर्षांची लेक आणि नऊ वर्षांचा भाचा यांना घेऊन घारापुरीला गेले होते. मागच्या वर्षीही गेलो होतो. तेव्हा एका ग्रुपबरोबर होतो आणि माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी प्रत्येक शिल्पापुढे थांबवून सगळी कथा सांगितली. माहिती चांगली होती, पण तिसऱ्या शिल्पाला लेक खांबाला टेकून खाली बसली आणि परतीच्या लाँचमध्ये रडत होती. या वेळी मी ठरवलं की मुख्य लेण्यातली दोनच शिल्पं बघायची आणि पाऊण तासात बाहेर पडायचं.

लेण्यापर्यंत पोचेस्तोवर मुलांची अर्धी ताकद संपलेली असते, हे आपण विसरतो. गेटवेहून लाँचला साधारण तास लागतो. मग धक्क्यापासून छोटी गाडी किंवा पायपीट, आणि त्यावर सुमारे 120 पायऱ्या. म्हणून खाणं आम्ही पायऱ्यांच्या आधीच उरकलं. पोळीचे रोल खाल्ले, पाणी प्यायलो, बाथरूमला जाऊन आलो. वर माकडं आहेत आणि हातात पुडा किंवा बाटली दिसली की ती ओढून नेतात. एकदा ते झालं की पोरांचं लक्ष शिल्पात राहत नाही, सारखी मागे वळून बघत बसतात.

आत शिरल्यावर सरळ त्रिमूर्तीकडे धावू नका. मुख्य दार उत्तरेला आणि त्रिमूर्ती पार दक्षिणेच्या भिंतीत, त्यामुळे उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काळोखच दिसतो. आम्ही दाराशी उभं राहून खांब मोजले. पहिल्यांदा भाच्याला थोडेच दिसले, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजले तेव्हा मागच्या रांगाही दिसायला लागल्या. 'मावशी, हे आत्ता उगवले का?' असं त्याने विचारलं आणि तिथून पुढे त्याला ओढावं लागलं नाही.

त्रिमूर्तीपुढे मी कथा सांगितलीच नाही. जवळपास 18 फूट उंच शिल्प आहे, त्यामुळे अगदी पुढे गेलं तर मुलांना हनुवट्याच दिसतात. थोडं मागे, खांबांच्या मधे बसवलं आणि एकच प्रश्न विचारला: कोण रागावलंय? दोघांनी आपल्या डावीकडचा चेहरा दाखवला. का, तर मिशा आहेत आणि हातात साप आहे. उजवीकडचा चेहरा लेकीला 'आईसारखा' वाटला, त्याच्या हातातलं कमळ तिनेच शोधलं. मग तिन्ही चेहरे करून दाखवायचा खेळ. मधला शांत चेहरा सगळ्यात अवघड गेला, कारण हसू फुटत होतं.

मग त्यांनी मागायच्या आधीच बाहेर अंगणात दहा मिनिटं बसलो. 'घरी कधी जायचं' हे वाक्य फार उशिरा येतं. त्याच्या आधी मूल भिंतीला टेकायला लागतं, चपलेशी खेळतं किंवा उगाच पळत सुटतं. यातलं एक दिसलं तरी बाहेर काढायला उशीर झालेला असतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरं शिल्प त्रिमूर्तीच्या डाव्या हाताचं अर्धनारीश्वर. तळहात डोळ्यापुढे धरून आधी एक अर्धं झाकायचं, मग दुसरं. नंदीवर टेकलेला हात शंकराच्या बाजूला, आरसा धरलेला हात पार्वतीच्या बाजूला. एका कुशीची रेघ सरळ, दुसरीची बाहेर झुकलेली. हा फरक लेकीने बोटाने हवेत काढून दाखवला. तो शब्दात सांगायला मला पाच मिनिटं लागली असती.

नटराज राहिला, रावण कैलास हलवतोय ते राहिलं, शिव-पार्वतीचा सारीपाटही राहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ती पुढच्या खेपेची शिल्पं. मात्र सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून जा.

आठवड्याने आम्ही भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलताना कोसळून फुटला आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा केला. पोरांना एवढंच सांगितलं आणि सांधे शोधायला लावले, हात न लावता. भाचा हत्तीभोवती तीन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, 'मावशी, हा परत लाँचमधून घरी जाईल का?'

त्याच्या त्या प्रश्नावर आम्ही तिथल्याच झाडाखाली बसून बराच वेळ बोललो.